गोष्टीचा नकाशा: पात्र, स्थळ, अडचण आणि उकल यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबई परिसरातील मराठी माध्यमाच्या प्राथमिक वर्गांना शिकवणारे शिक्षक, तसेच घरी मुलांना गोष्टी वाचून दाखवणारे पालक, गोष्टीच्या नकाशाबद्दल जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. उदाहरणासाठी मुख्यतः भोपळ्यात बसून येणाऱ्या म्हातारीची गोष्ट घेतली आहे, कारण ती बहुतेक मराठी घरांत सांगितली जाते आणि वरवर सोपी वाटली तरी नकाशा भरताना चांगलीच फसवते.

गोष्टीचा नकाशा म्हणजे नेमके काय?

गोष्टीतील पात्रे, स्थळ-काळ, अडचण, अडचण सोडवण्यासाठी केलेले प्रयत्न आणि शेवटी झालेली उकल हे भाग कागदावर किंवा फळ्यावर वेगवेगळ्या चौकटींत मांडून, त्यांचा एकमेकांशी असलेला संबंध बाणांनी दाखवणारा तक्ता म्हणजे गोष्टीचा नकाशा. काही शिक्षक त्याला स्टोरी मॅप म्हणतात. ग्राफिक ऑर्गनायझर हा शब्द त्याहून व्यापक आहे. माहिती चित्ररूपाने मांडणाऱ्या सर्व तक्त्यांना तो लागू होतो आणि गोष्टीचा नकाशा हा त्यांतील एक प्रकार आहे.

या व्याख्येत बाण महत्त्वाचे आहेत. चार चौकटी भरल्या आणि त्या एकमेकींशी जोडल्या नाहीत, तर तो नकाशा न राहता गोष्टीविषयीची रिकाम्या जागा भरा अशी प्रश्नावली होते. वर्गात चुकते ते बहुतेक वेळा येथेच.

ही कल्पना आली कोठून?

1970 च्या दशकात गोष्टींच्या अंतर्गत रचनेचा, म्हणजे कथेच्या व्याकरणाचा, अभ्यास झाला. जीन मँडलर आणि नॅन्सी जॉन्सन यांचे काम 1977 चे, तर नॅन्सी स्टाइन आणि क्रिस्टीन ग्लेन यांचे 1979 चे आहे. मँडलर आणि जॉन्सन यांना असे दिसले की, पहिलीतल्या मुलांना गोष्टीचे स्थळ, सुरुवात आणि प्रयत्नांचा परिणाम बऱ्यापैकी आठवतात, पण मधले प्रयत्न आणि पात्रांच्या मनातील प्रतिक्रिया निसटतात. ‘एक म्हातारी होती, ती लेकीकडे गेली आणि घरी आली’ एवढ्यात गोष्ट संपवणारे मूल ज्यांनी ऐकले आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही.

पुढे 1981 मध्ये इझाबेल बेक आणि मार्गारेट मॅकेऑन यांनी गोष्टीचा नकाशा सुचवला तो मुलांनी भरायचा कागद म्हणून नव्हे. शिक्षकाने आधी स्वतः गोष्टीचा नकाशा काढावा आणि त्याच क्रमाने मुलांना प्रश्न विचारावेत, म्हणजे प्रश्न गोष्टीच्या कण्याला धरून राहतील, असा त्यांचा हेतू होता. ‘म्हातारीच्या लुगड्याचा रंग कोणता होता?’ यासारखे प्रश्न त्यामुळे आपोआप गळतात. माझ्या मते ही मूळ कल्पना आजही अधिक उपयोगी आहे. मुलांच्या हाती कागद देण्यापूर्वी शिक्षकाने स्वतः तो भरून पाहिला नसेल, तर अडचणीच्या चौकटीत काय लिहायचे याबद्दल वर्गात शिक्षकच अडखळतात.

अडचणीच्या चौकटीत मुले हमखास चूक करतात. ती कशी ओळखावी?

संपूर्ण नकाशा या एका चौकटीवर उभा असतो, म्हणून हे उत्तर थोडे लांबणार आहे.

म्हातारीची गोष्ट सांगून तिसरीच्या मुलांना ‘अडचण काय होती?’ असे विचारले की साधारण तीन प्रकारची उत्तरे येतात. पहिले उत्तर ‘वाघ आला’ असे असते. दुसरे ‘म्हातारी बारीक होती’ आणि तिसरे ‘म्हातारीला लेकीकडे जायचे होते’. तिन्ही वाक्ये गोष्टीत खरी आहेत, परंतु एकही अडचण नाही. वाघाचे येणे ही घटना आहे, बारीक असणे हे पात्राचे वर्णन आहे आणि लेकीकडे जायचे असणे ही इच्छा आहे. इच्छा आणि तिच्या आड येणारी गोष्ट या दोन्ही एकत्र आल्या की अडचण तयार होते. वाघ आपल्या जागी बसून असेल आणि म्हातारीला कोठेच जायचे नसेल, तर गोष्ट सुरूच होत नाही.

म्हणून अडचणीच्या चौकटीत एकच शब्द किंवा तुटक वाक्य स्वीकारू नये. तेथे ‘पण’ असलेले वाक्य लिहून घ्यावे: ‘म्हातारीला लेकीकडे जाऊन सुखरूप घरी परतायचे होते, पण वाटेतल्या रानात तिला खायला टपलेले प्राणी होते.’ मुलांसाठी फळ्यावर कायम ठेवण्याजोगा साचा असा आहे: ‘… ला … हवे होते, पण … , म्हणून … , आणि शेवटी … .’ या साच्यातील ‘म्हणून’च्या आधीचा भाग अडचणीच्या चौकटीत जातो, ‘म्हणून’च्या पुढचा प्रयत्नांच्या आणि ‘आणि शेवटी’च्या पुढचा उकलीच्या चौकटीत.

चूक ओळखण्याची सोपी खूण अशी की, अडचणीच्या चौकटीवर एक बोट आणि उकलीच्या चौकटीवर दुसरे बोट ठेवून मधले सारे वगळून मोठ्याने वाचावे. ‘वाघ आला. म्हातारी घरी पोहोचली.’ ही दोन वाक्ये एकमेकांना उत्तर देत नाहीत. ‘म्हातारीला सुखरूप घरी परतायचे होते, पण प्राणी टपले होते. म्हातारी भोपळ्यात बसून सुखरूप घरी पोहोचली.’ येथे दुसरे वाक्य पहिल्याचे उत्तर आहे. ही बोटांची परीक्षा मुले दोन-तीन गोष्टींनंतर आपण होऊन करू लागतात आणि शेजाऱ्याच्या कागदावर तर विशेष उत्साहाने करतात.

या गोष्टीचा पूर्ण भरलेला नकाशा कसा दिसेल?

पात्रांच्या चौकटीत म्हातारी, तिची लेक आणि रानातले प्राणी येतील. प्राण्यांची यादी घरोघरी बदलते. कोणाकडे कोल्हा असतो, कोणाकडे लांडगा, कोणाकडे वाघ. ते सर्व एकच काम करतात म्हणून त्यांना एकत्र लिहिले तरी चालते, आणि ‘हे सगळे एकच काम करतात’ हे मुलांच्या लक्षात येणे हेही आकलनच आहे. म्हातारीच्या नावापुढे तिचा एकच गुण लिहावा, तोही गोष्टीतील पुराव्यासह: ‘हुशार, कारण तिने प्राण्यांना थांबायला लावले.’ ‘चांगली’, ‘प्रेमळ’ असे कोणत्याही गोष्टीतील कोणत्याही म्हातारीला चिकटणारे गुण परत करावेत.

स्थळाच्या चौकटीत म्हातारीचे घर, लेकीचे घर आणि मधले रान अशी तीन ठिकाणे येतात. अडचणीचे वाक्य वर दिलेच आहे.

प्रयत्नांच्या चौकटीत दोन पायऱ्या आहेत आणि या गोष्टीची खरी गंमत त्यांच्यात आहे. पहिल्या प्रयत्नात म्हातारी म्हणते, ‘लेकीकडे जाईन, तूप-रोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा.’ त्यामुळे जाताना तिची सुटका होते, मात्र परतीची वाट अधिक धोक्याची होते, कारण आता प्राणी तिची वाट पाहत आहेत आणि ती खरोखरच जाडजूड झाली आहे. तिचा पहिला तोडगाच तिची पुढची अडचण होऊन बसतो. दुसरा प्रयत्न भोपळ्याचा. नकाशावर पहिल्या प्रयत्नाकडून अडचणीच्या चौकटीकडे उलटा जाणारा एक बाण काढला की हे मुलांना डोळ्यांनी दिसते. छापील वर्कशीटवर असा उलटा बाण सहसा नसतो. तो खडूने किंवा पेन्सिलीने आपणच काढावा लागतो.

उकलीच्या चौकटीत ‘भोपळा’ हा एक शब्द पुरत नाही. भोपळा हे साधन आहे. प्राण्यांना म्हातारी दिसली नाही, ‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’ करत भोपळा पुढे गेला आणि ती घरी पोहोचली, ही उकल आहे. काही घरांत शेवटी भोपळा फुटतो आणि म्हातारीला आणखी एक युक्ती करावी लागते. मुलाने आपल्या घरचा शेवट लिहिला तर तो चूक ठरवू नये, फक्त प्रयत्नांच्या चौकटीत तिसरी पायरी आली आहे का ते पाहावे.

स्थळाच्या चौकटीत मुले ‘जंगल’ किंवा ‘गाव’ एवढेच लिहितात. त्याहून अधिक काय अपेक्षित आहे?

स्थळाचा अडचणीशी असलेला संबंध अपेक्षित आहे. त्यासाठी एकच प्रश्न विचारावा: ‘ही गोष्ट दुसरीकडे नेली तर अडचण टिकेल का?’ म्हातारी ठाण्याहून वाशीला लोकलने निघाली असती, तर ऐरोली, रबाळे, घणसोली अशी स्टेशने लागली असती, गर्दी लागली असती, बसायला जागा मिळाली नसती. पण तिला खायला कोणी टपलेले नसते. तीच म्हातारी संध्याकाळी येऊरच्या रस्त्याने निघाली असती, तर ठाण्यातल्या मुलांना बिबट्याची गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. येथे स्थळ नुसते चित्राच्या मागचा पडदा नसून अडचण निर्माण करणारे कारण आहे, हे मुलांना कळते. मग चौकटीत ‘रान, जिथे वाटेत प्राणी भेटतात’ असे वाक्य येते.

जेथे स्थळ बदलूनही गोष्ट जशीच्या तशी राहते, तेथे ‘घर’ किंवा ‘शाळा’ एवढे लिहिले तरी पुरे. प्रत्येक चौकट तितकीच भरलेली असावी हा आग्रह धरू नये.

एका गोष्टीत दोन अडचणी असतील तर?

त्या खरोखर दोन आहेत की एकीत दुसरी दडली आहे, हे आधी पाहावे. उंदराच्या टोपीची गोष्ट घ्या. उंदराला कापड सापडते, तो ते धुवून, रंगवून, शिवून घेतो आणि टोपी घालून मिरवतो. मग राजा टोपी काढून घेतो, उंदीर ‘राजा भिकारी, माझी टोपी घेतली’ म्हणत ओरडत सुटतो आणि राजा वैतागून टोपी परत करतो. बोटांची परीक्षा केली, तर ‘टोपी शिवून हवी होती’ ही अडचण गोष्टीच्या निम्म्यावरच सुटलेली दिसते आणि शेवटाशी तिचे नाते उरत नाही. अशा गोष्टीला एक नकाशा पुरत नाही. एका खाली एक दोन ओळींचा नकाशा काढावा. पहिल्या ओळीच्या उकलीतून, म्हणजे तयार टोपीतून, निघणारा बाण दुसऱ्या ओळीच्या अडचणीत जातो, कारण टोपी झालीच नसती तर राजाने घेतली नसती.

अडचण कोणाची, यावर मुलांचे एकमत होत नाही. कोणाचे बरोबर मानावे?

चिमणी-कावळ्याच्या गोष्टीत हा वाद हमखास होतो. कावळ्याचे शेणाचे घर पावसात वाहून गेले आहे आणि त्याला आसरा हवा आहे. चिमणीला मात्र त्याला आत घ्यायचे नाही, म्हणून ती बाळाला अंघोळ घालते, तीट लावते, काजळ घालते. कावळ्याच्या बाजूने आणि चिमणीच्या बाजूने असे दोन नकाशे भरून शेजारी ठेवावेत. एकाचा प्रयत्न तो दुसऱ्याच्या वाटेतला अडथळा, हे तेव्हा स्पष्ट दिसते. इयत्ता चौथीच्या मुलांना हे जमते. पहिली-दुसरीत एकच पात्र ठरवून द्यावे आणि नकाशाच्या डोक्यावर त्याचे नाव लिहावे.

वर्गात चाळीस मुले आहेत. प्रत्यक्ष तासिका कशी घ्यावी?

लॉर्ना आयडॉल यांनी 1987 मध्ये तिसरी-चौथीच्या वर्गांतील मुलांसोबत केलेल्या कामात जो क्रम वापरला, तोच येथेही चालतो. आधी शिक्षक स्वतः मोठ्याने विचार करत नकाशा भरून दाखवतात, मग वर्ग मिळून भरतो आणि शेवटी मूल एकटे भरते. ही तीन टप्प्यांची वाट एका तासिकेत उरकू नये. तीन वेगवेगळ्या, छोट्या गोष्टींवर ती आठवडाभरात चालावी.

पहिल्या दिवशी गोष्ट नकाशाशिवाय, पूर्ण आणि न थांबता सांगावी. दर वाक्याला थांबून ‘हे कोणत्या चौकटीत जाईल?’ असे विचारत राहिले की गोष्ट मरते आणि मुलेही कंटाळतात. दुसऱ्या वाचनाच्या वेळी फळ्यावर नकाशा भरावा. शिक्षकांनी मुद्दाम ‘वाघ आला’ असे चुकीचे लिहावे, बोटांची परीक्षा करावी आणि वर्गासमोर ते खोडावे. नीटनेटका तक्ता पाहण्यापेक्षा ही खाडाखोड पाहून मुले अधिक शिकतात.

चाळीस मुलांचे चार-चारचे दहा गट होतात. प्रत्येक गटाला एक ए-फोर कागद द्यावा. तो दोनदा दुमडला की चार चौकटी होतात: पात्रे, स्थळ, अडचण, उकल. प्रयत्न कागदाच्या मागे क्रमांक घालून लिहावेत. छापील नमुन्यांच्या प्रती काढण्याची आवश्यकता नाही. कागदाचा तुटवडा असेल तर व्हरांड्याच्या फरशीवर खडूने काढलेला नकाशाही तितकाच चांगला, किंबहुना मुले एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत उडी मारत गोष्ट सांगतात तेव्हा तो अधिक चांगला.

ज्यांना अजून नीट लिहिता येत नाही, किंवा ज्यांची घरची भाषा वेगळी आहे, त्यांनी काय करावे?

चित्र काढावे, किंवा बोलून सांगावे आणि शिक्षकांनी ते चौकटीत लिहून घ्यावे. नवी मुंबईच्या आणि ठाण्याच्या एकाच वर्गात आगरी बोलणारी, वऱ्हाडी बोलणारी आणि घरी भोजपुरी बोलणारी मुले शेजारी बसलेली असतात. मुलाने अडचण आगरीत सांगितली आणि तिच्यात इच्छा व अडथळा दोन्ही असतील, तर ते उत्तर पूर्ण आहे. प्रमाण मराठीतले वाक्य हा पुढचा, वेगळा धडा आहे. नकाशा तपासताना ऱ्हस्व-दीर्घ सुधारू नये, कारण तसे केले की मुले जे लिहायला सोपे तेच लिहितात आणि अडचणीच्या चौकटीत पुन्हा ‘वाघ’ हा एकच शब्द येतो.

नकाशा भरला म्हणजे गोष्ट समजली, असे मानावे का?

मानू नये. कागद दुमडून बाजूला ठेवावा आणि मुलाला गोष्ट सांगायला लावावी. नकाशा पूर्ण भरलेला आहे पण सांगताना मूल अडखळते, याचा अर्थ बहुधा फळ्यावरून किंवा मित्राच्या कागदावरून उतरवले आहे. याउलट काहींचा कागद अर्धा रिकामा असतो आणि तरी ती प्रयत्न व त्यांची कारणे धरून गोष्ट नीट सांगतात. अशा मुलांना नकाशाची गरज उरलेली नाही. दोन नव्या गोष्टी नकाशाशिवाय अडचण आणि उकल जोडून सांगता आल्या, की त्या मुलाला चौकटी भरायला लावणे थांबवावे. वर्षभर दर पाठानंतर तोच कागद भरून घेणे ही या पद्धतीची सर्वांत मोठी हानी आहे.

कविता, माहितीपर पाठ किंवा वर्णन यांना हाच नकाशा चालेल का?

नाही. ठाणे खाडीतील फ्लेमिंगोंवरच्या पाठात कोणाला काही हवे नसते आणि काही आड येत नसते. तेथे ‘अडचण’ शोधायला लावली की मुले ती ओढूनताणून तयार करतात. अशा पाठाला विषय मध्ये आणि मुद्दे भोवती असा जाळ्याचा तक्ता योग्य ठरतो.

मुलांना स्वतःची गोष्ट लिहायची असेल, तर नकाशा कोठून सुरू करावा?

अडचणीपासून. पात्रापासून सुरुवात केली की मुले नाव, वय, कपडे, मित्र यांत दोन पाने घालवतात आणि गोष्ट घडतच नाही. ‘मुलीला आजीची छत्री आजीला परत द्यायची होती, पण ती घणसोलीला लोकलमध्ये राहून गेली’ एवढे वाक्य हाती आले, की पात्र आणि स्थळ त्यातूनच निघतात.

उकलीच्या बाबतीत मात्र एक पळवाट आधीच बंद करावी लागते. ‘मग मला जाग आली, ते स्वप्न होते’, ‘मग देव प्रकट झाला’ आणि ‘मग पोलीस आले’ हे तीन शेवट कोणत्याही गोष्टीला लागतात, म्हणून ते कोणत्याच गोष्टीचे नसतात. नियम असा सांगावा की, उकल ज्यातून येते ती वस्तू, व्यक्ती किंवा तो गुण आधीच्या एखाद्या चौकटीत दिसला पाहिजे. छत्रीच्या दांड्याला आजीने लाल दोरा बांधला होता हे पात्राच्या चौकटीत असेल, तर ठाणे स्टेशनवर सापडलेल्या सामानाच्या ढिगातून मुलीने ती छत्री ओळखणे ही उकल चालते. दोरा शेवटी अचानक आला असेल, तर लिहिलेले खोडायला लावू नये. बाण उलटा काढावा आणि दोरा पहिल्या चौकटीत नेऊन लिहायला सांगावा.